टॉवर तीन कंपन्यांचा, बॅटरी एकच, आणि तीही मेलेली : दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
भारत सरकार यांस,

सप्रेम नमस्कार.

मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला, पण पोट शेतीवरच चालते. माझ्या बांधालगत मोबाइलचा टॉवर उभा आहे. जागा माझी, भाडे मला मिळते, फाटकाची एक किल्ली माझ्याकडे असते. त्यामुळे आत काय आहे आणि काय नाही, हे मी ऐकीव सांगत नाही.

गेल्या वर्षीच्या वादळानंतर तालुक्याच्या गावी बैठक झाली होती. तिथे एका अधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर शब्द दिला की पुढच्या पावसाळ्याआधी प्रत्येक टॉवरला आठ तासांचा बॅकअप असेल. आम्ही टाळ्या वाजवल्या. परवा वादळ आले, संध्याकाळी साडेसातला लाइट गेली आणि सव्वानऊला टॉवर बंद पडला. पावणेदोन तास! वडिलांच्या छातीत कळ आली ती रात्री अकराला. १०८ लागेना, ११२ लागेना. घरात तीन कंपन्यांची सिमकार्डे आहेत, एकालाही रेंज नाही. शेवटी शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये गादी टाकून त्यांना नेले. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर कडुनिंब आडवे पडलेले, ते पोरांनी कुऱ्हाडीने तोडले तेव्हा वाट झाली. वडील वाचले. पण डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणायला हवे होते, हृदयाचा जो भाग गेला तो आता परत येत नाही. साहेब, हे दोन तास कोणाच्या खात्यात मांडायचे?

आता टॉवरचे सांगतो. लाइट असताना विजेचा एसी प्रवाह रेक्टिफायरमध्ये जातो, तिथे त्याचा डीसी होतो. त्यावर वरची यंत्रे चालतात आणि त्याच वेळी बॅटऱ्या भरत राहतात. लाइट गेली की एका क्षणाचाही खंड न पडता भार बॅटऱ्यांवर येतो. माझ्या बांधावर दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल आहेत, मिळून अठ्ठेचाळीस व्होल्ट, क्षमता ६०० अँपिअर-तास. हे सेलवरच छापलेले आहे. टॉवर उभा राहिला तेव्हा त्यावर दोन कंपन्या होत्या, टूजीची यंत्रे होती आणि मीटरवर भार चाळीस अँपिअरच्या आसपास दिसायचा. मग तिसरी कंपनी आली, फोरजी आले, फाइव्हजी आले. आज तोच मीटर नव्वद दाखवतो. भार दुपटीहून वाढला, बॅटऱ्यांची बँक मात्र तीच.

हिशेब कोणालाही करता येईल. बॅटरी पूर्ण पिळायची नसते, ऐंशी टक्केच वापरायची असते. म्हणजे ४८० अँपिअर-तास. त्याला नव्वदने भागा, सव्वापाच तास येतात. म्हणजे कोरी बँक असती तरी आठ तासांचा शब्द या टॉवरवर खरा होणार नव्हता. तो शब्द देण्याआधी हा भागाकार कोणी केला होता का? आणि परवा प्रत्यक्षात मिळाले ते पावणेदोन तास. म्हणजे सुमारे १५८ अँपिअर-तास, छापील क्षमतेच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. क्षमता ऐंशी टक्क्यांखाली गेली की बँक बदलायची, असा या धंद्यातला नियम आहे. आमची बँक पंचवीसवर आली तरी जागेवरच आहे.

ती अशी का मेली, तेही आत दिसते. या बॅटऱ्यांची क्षमता २७ अंश तापमान धरून ठरवलेली असते. दर दहा अंश वाढीला त्यांचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. आमच्या जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि बॅटरीचे कपाट उघड्यावर, उन्हात आहे. त्याच्या पंख्याची जाळी मी पाहिली आहे, धुळीने आणि कापसाच्या तंतूंनी बुजलेली. दोन सेलची पोटे फुगली आहेत. एकाच साखळीत जोडलेले असल्याने दोन सेल खचले की बाकीचे बावीस असूनही नसल्यासारखे. व्होल्टेज चव्वेचाळीसच्या आसपास उतरले की कटऑफ स्वतःहून भार तोडतो. परवा आधी फाइव्हजी गेले, मग फोरजी, शेवटी नुसता साधा फोन उरला आणि मग तोही गेला. तुमच्या फोनवर रेंज या क्रमाने उतरली तर समजा, टॉवरची बॅटरी संपत चालली आहे.

दुसरी गोष्ट यापेक्षा वाईट. रेक्टिफायरमध्ये तीन मॉड्यूल आहेत, एकेक साधारण ५५ अँपिअरचे. त्यातल्या एकावर लाल दिवा कित्येक महिने जळतो आहे. उरलेली दोन मिळून ११० अँपिअर देतात. त्यातले नव्वद वरची यंत्रे खातात, बॅटरीसाठी वीस उरतात. रिकामी ६०० ची बँक वीस अँपिअरने भरायला तीस तास सलग वीज लागते, आणि आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर सलग तीस तास वीज असते का, ते तुम्हीच विचारून घ्या. लाइट चार तास येते, दोन तास जाते. बँक कधी भरतच नाही, अर्धवट भरलेली राहते, आणि अर्धवट राहिलेल्या बॅटरीच्या पत्र्यांवर सल्फेट धरून ती आणखी लवकर मरते. एक मॉड्यूल बदलले असते तर ही बँक दोन वर्षे जास्त जगली असती, असा माझा अंदाज आहे. टेक्निशियन पोरगा भला आहे. त्याने ‘काका, मी तक्रार टाकली आहे’ असे मला चारदा तरी सांगितले. त्याच्याकडे साठच्या वर टॉवर आहेत म्हणे. त्याला काय बोलू?

जनरेटर होता. सिमेंटच्या ओट्यावर त्याचे बोल्ट अजून वर आलेले आहेत. डिझेलचा खर्च आणि चोरी परवडत नाही म्हणून तो उचलून नेला आणि सांगितले, गरज पडली की फिरता जनरेटर येईल. तो कधी लागतो? वादळात. वादळात रस्ते कसे असतात? आमच्यासारखे झाडांनी अडलेले. फिरता जनरेटर दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आला. या भाराला तासाला दोन-अडीच लिटर डिझेल पुरते, रात्रभराला तीस लिटर. तीस लिटर डिझेल वाचवले त्यांनी!

आणि जनरेटर सुरू झाल्यावरही रेंज आली नाही. आवाज येतो आहे, कपाटातले दिवे हिरवे आहेत आणि फोन मात्र मुका. कारण आमच्या टॉवरचा बाहेरच्या जगाशी संबंध एका मायक्रोवेव्ह डिशने आहे. ती डिश सावद्याच्या बाजूच्या मोठ्या टॉवरकडे पाहते. तो टॉवरही बॅटरी संपून बंद होता. त्याच्यावर आम्ही अवलंबून, आणि आमच्यावर पालच्या बाजूची सातपुड्यातली गावे अवलंबून. त्या वाड्यांचे टॉवर सोलरवर चालू असले तरी उपयोग शून्य. पर्यायी लिंक म्हणून फायबर टाकली आहे, ते मी नाकारत नाही. पण ती फायबरही त्याच सावद्याच्या टॉवरवर जाऊन संपते. दोन्ही वाटा एकाच दारात जात असतील आणि ते दारच बंद असेल, तर दुसऱ्या वाटेचा उपयोग काय? पर्यायी लिंक वेगळ्या टॉवरवर उतरली पाहिजे, आणि ज्या टॉवरवर दहा टॉवर लटकले आहेत तिथे जनरेटर कायमचा हवा.

मंत्री महोदय, ११२ कोणत्याही कंपनीच्या नेटवर्कवरून लागतो, असे तुम्ही सांगता. चक्रीवादळात एका कंपनीचे ग्राहक दुसरीच्या नेटवर्कवर चालवण्याचे आदेशही तुमच्या विभागाने २०२४ मध्ये ‘दाना’च्या वेळी ओडिशा-बंगालसाठी दिले होते. चांगले केले. पण आमच्याकडे तिन्ही कंपन्या एकाच खांबावर आणि एकाच बॅटरीवर भाडेकरू आहेत. ती मेली की तिन्ही मरतात. कोणाच्या नेटवर्कवर जायचे?

नियमांकडे पाहावे तर तिथेही आम्ही दिसत नाही. दूरसंचार नियामक ट्रायच्या २००९ च्या निकषात टॉवर बंद राहण्याचे प्रमाण महिन्याला सरासरी दोन टक्के चालत असे. तीस दिवसांचे ७२० तास धरले तर चौदा तास. आणि ही सरासरी अख्ख्या दूरसंचार सर्कलची, त्यात आमचे गाव कुठे बुडाले ते कळायचेही नाही. २०२४ च्या नव्या नियमांत मोठा बिघाड मोजतात तो जिल्ह्याच्या पातळीवर, चार तासांपेक्षा जास्त असेल तर. आमचा अर्धा तालुका दीड दिवस मुका होता, पण जळगाव शहरात फोन चालू होते. म्हणजे कागदावर काहीच झाले नाही.

माझी पाचशे खोडे आडवी झाली आहेत, घड कापणीला आलेले. वाऱ्याने बाग पडली तर विम्यासाठी ७२ तासांत ॲपवर किंवा फोनवर कळवायचे असते. त्यातले दीड दिवस टॉवरने खाल्ले, उरलेला वेळ दवाखान्यात गेला. केळीचा भाव फोनवर, पंपाचा ऑटो स्टार्टर फोनवर, विमा फोनवर, रेशनचा अंगठासुद्धा नेटवर. सगळा कारभार या चोवीस सेलवर आणून ठेवला आणि त्या सेलची जबाबदारी कोणाची, हे कोणी सांगत नाही. मोबाइल कंपनी म्हणते टॉवर आमचा नाही. टॉवर कंपनी म्हणते देखभाल कंत्राटदाराकडे. कंत्राटदार म्हणतो वीजवाल्यांना विचारा. २०२२ च्या लिलावात सरकारने दीड लाख कोटींची स्पेक्ट्रम विकली. एवढी रक्कम ठरवताना, रात्री लाइट गेल्यावर ही स्पेक्ट्रम किती तास चालली पाहिजे, ही एक ओळ अटींमध्ये घालता आली नसती? ग्रामीण भागासाठीचा डिजिटल भारत निधी आहे, त्यातून नवे टॉवर उभे राहतात. उभे असलेले जिवंत कोण ठेवणार?

मला सांत्वनाचे पत्र नको. दर वर्षी मार्चमध्ये प्रत्येक टॉवरची वीज मुद्दाम बंद करून, खऱ्या भारावर बॅटरी किती तास चालते ते मोजायला लावा आणि तो आकडा टॉवरच्या फाटकावर तारखेसह लिहायला लावा. ज्या टॉवरवर इतर टॉवर अवलंबून आहेत, तिथला बॅकअप किमान चोवीस तासांचा करा. नेटवर्क बंद असलेले तास विम्याच्या ७२ तासांतून वगळावेत म्हणून कृषी खात्याला तुम्ही स्वतः पत्र लिहा. आणि आमच्या टॉवरवर नवी बँक आणि तिसरे मॉड्यूल कोणत्या तारखेला बसणार, तसेच सावद्याच्या टॉवरवर जनरेटर कधी येणार, हे मला लेखी कळवा. पाऊस अजून पूर्ण लागलेला नाही.

आपला,
एक केळी उत्पादक
ता. रावेर, जि. जळगाव