प्रश्न व्रताचा, की व्यापाऱ्याच्या धर्माचा?

मढीच्या (ता. पाथर्डी) कानिफनाथ यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकाने लावू न देण्याचा ग्रामसभेचा ठराव (फेब्रुवारी २०२५) मला पटत नाही. गावकरी यात्रेआधी महिनाभर तळण, लग्नकार्य, पलंग-गादी वर्ज्य करतात आणि हे व्यापारी ते पाळत नाहीत, असे कारण दिले गेले. पण हे व्रत गावाचे आहे. बाहेरून पाल ठोकायला येणारा हिंदू खेळणीवाला तरी घरी महिनाभर तळण बंद ठेवतो का? तक्रार खरोखर व्रतभंगाची असेल, तर नियम प्रत्येक दुकानदाराला लावा. धर्म पाहून गाळणी लावल्यावर व्रताचा मुद्दा उरतोच कुठे?

शिवाय हे स्थान एकाच बाजूचे कधी होते? १८८४च्या अहमदनगर गॅझेटियरमध्ये मढीच्या या स्थानाची नोंद शाह रमजान माही सवार आणि कान्होबा अशा दोन्ही नावांनी आहे. छत्रपती शाहूंच्या सुटकेसाठी येसूबाईंनी इथेच नवस बोलल्याचे आणि तो फिटल्यावर इथले बांधकाम झाल्याचे सांगतात. खरे नाव कोणते, हा वाद अभ्यासकांनी खुशाल घालावा. रेवड्या कोणी विकायच्या, हे त्यावरून ठरवू नये.

– एक वाचक, अहिल्यानगर