ताई, तुम्ही विचारलं होतं, "हे वाळणार कुठे?"

प्रिय ताई,

धंद्याची कल्पना स्टेजवर मांडायची ती स्पर्धा संपली त्या संध्याकाळी तुम्हाला भेटायला आलो तेव्हा लॅबला कुलूप होतं. फोनवर आभार मानले, पण चार वाक्यांत सगळं कसं सांगणार? म्हणून हे पत्र, आणि तेही उघडं. पुढच्या वर्षी आमच्यासारखंच कुणी पाळीत वापरायच्या कापडी पॅडची कल्पना घेऊन स्टेजवर उभं राहणार असेल, तर तुम्ही आम्हाला काय शिकवलंत ते त्यांनाही कळावं.

आम्ही चौघं पहिल्यांदा तुमच्याकडे आलो ते फक्त शिलाई मशीन मागायला. भाषण तयार आहे असं आम्हाला वाटत होतं. तुम्ही म्हणालात, "मशीन घ्या, पण आधी ऐकवा." मी उभी राहून वाचलं. ६१० शब्द होते. तुमच्या स्टॉपवॉचवर ४ मिनिटं ४० सेकंद भरली आणि वेळ होती तीन मिनिटांची. पहिला दीड मिनिट पृथ्वीवरचा कचरा, मग महिलांचं आरोग्य, मग आमचं ध्येय. आमचं पॅड नेमकं कसं आहे, हे शेवटच्या मिनिटात उरकलेलं. तुम्ही त्यातलं काहीच खोडलं नाहीत. पॅड हातात घेतलंत, दोन बोटांनी दाबलंत आणि विचारलंत, "हे वाळणार कुठे? आणि किती वेळात?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. "एका दिवसात वाळतं" असं आम्ही म्हणालो, कारण हाताला ते कोरडं लागायचं. तेव्हा तुम्ही लॅबचा तराजू पुढे ओढलात. आधी कोरड्या पॅडचं वजन घ्यायचं, मग धुऊन पिळल्यावर, मग दर दोन तासांनी, आणि वजन पुन्हा मूळ आकड्यावर येईपर्यंत थांबायचं. कोरडं पॅड २२ ग्रॅम होतं, धुऊन पिळल्यावर ५८ भरलं. खोलीत, सावलीत दोरीवर टाकलं. आठ तासांनी वरून अगदी कोरडं लागत होतं आणि तराजू मात्र ३१ ग्रॅम दाखवत होता. नऊ ग्रॅम पाणी आत तसंच होतं. वरचा फ्लॅनेल वाळला होता, पण मधले टेरीचे चार पदर चारी बाजूंनी शिवून बंद केलेले आणि खाली पीयूएल, म्हणजे प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवलेलं कापड. गळू नये म्हणून लावलेला तोच थर ओलही अडवून धरत होता. पुरतं वाळायला त्या पॅडला दोन रात्री लागल्या. असं अर्धवट ओलं पॅड कपाटात गेलं की त्याला वास येतो, बुरशी धरते, आणि वापरणारी मुलगी कापडालाच दोष देते.

त्या दिवशी तुम्ही फळ्यावर जो हिशोब मांडलात, तोच पुढे आमच्या भाषणाचा कणा झाला. दिवसाला चार पॅड लागतात असं धरा. रोज संध्याकाळी धुतले आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत वाळले, तर चार वापरात आणि चार दोरीवर, म्हणजे आठ पॅडांत काम भागतं. वाळायला दोन दिवस लागले, तर चार वापरात, चार कालचे ओले आणि चार परवाचे ओले. बारा लागतात. चार पॅडांचं कापड, शिलाई, बटणं सगळं वाढलं, ते केवळ वाळायला उशीर होतो म्हणून. कापडी पॅड घेताना मोठी अडचण असते ती सुरुवातीला एकदम करावा लागणारा खर्च, आणि तो वाळण्याच्या वेळेवर ठरतो, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही पॅड किती शोषतं याच्यामागे लागलो होतो.

मग पॅड उसवून दोन भाग केले. बाहेरचं पंखांचं कापड पातळ, एक फ्लॅनेल आणि एक पीयूएल. आतली टेरीची पट्टी सुटी, तीन घड्या घालून आत सरकवायची आणि धुताना उलगडायची. उलगडली की ती साध्या नॅपकिनसारखी दिसते, त्यामुळे चार माणसांत दोरीवर टाकायला संकोच वाटत नाही. हा फायदा आमच्या ध्यानीमनी नव्हता, तुम्हीच दाखवलात. नवीन नमुना त्याच खोलीत, त्याच दोरीवर सात तासांत मूळ वजनावर आला. आमच्यातल्या एकीने तो आकडा वहीत लिहिला आणि खाली दोनदा रेघ मारली.

आता प्रात्यक्षिकाबद्दल. स्टेजसाठी आम्ही सगळ्यात देखणं पॅड शिवलं होतं, कोरं करकरीत. सरावाच्या वेळी सिरिंजने पाणी सोडलं तर थेंब वरच गोळा झाले आणि कडेने ओघळून टेबलावर आले. मला रडू फुटायचं बाकी होतं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "कोऱ्या कापडाला खळ असते गं. धुतलंत का आधी?" नव्हतंच धुतलं. न धुता शिवलेलं सुती कापड पाणी नीट पीत नाही, शिवाय पहिल्या धुण्यात आटतं आणि शिवण आखडते. दुसरा नमुना धुतला होता, पण मऊ दिसावा म्हणून एकाने त्याला फॅब्रिक सॉफ्टनर लावला होता. तोही वाया गेला, कारण सॉफ्टनरचा थर धाग्यांवर बसतो आणि कापडाची तहानच जाते. शेवटी तुम्ही वीस धुण्यांचं, रंग उडालेलं पॅड उचललंत आणि म्हणालात, हेच न्या. विकत घेणारीला नवं पॅड कसं आहे याच्याशी घेणंदेणं नाही, विसाव्या धुण्यानंतर ते कसं वागतं हे तिला पाहायचंय.

निळं पाणीही तुम्ही बंद केलंत. रक्त पाण्यापेक्षा दाट असतं, पाणी पटकन झिरपतं आणि आपलीच फसगत होते. ग्लिसरीन, मीठ आणि लाल रंग घालून आपण दाट द्रव केला. किती ओतायचा, यावर वाद झाला तेव्हा तुम्ही सांगितलंत की एका पाळीत सगळे दिवस मिळून साधारण ३० ते ४० मिलीलिटर रक्त जातं आणि ८० च्या पुढे गेलं तर डॉक्टर त्याला अतिस्राव म्हणतात. म्हणजे एका पॅडवर १० मिलीलिटर ही चांगलीच कसोटी झाली. अर्धा पेला ओतून दाखवायचा आमचा बेत त्यामुळे रद्द झाला, बरं झालं. आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे वेळ. विसाव्या सेकंदाला ओतायचं, पॅड टेबलावर तसंच सोडून बोलत राहायचं आणि घड्याळात अडीच मिनिटं भरली की त्यावर टिपकागद ठेवून, वजनाने दाबून, कागद वर धरायचा. मधली दोन मिनिटं लोकांचे डोळे पॅडकडे लागलेले असतात आणि कान आपल्याकडे.

भाषण ३४० शब्दांवर आलं. बोलायला २ मिनिटं ३७ सेकंद, उरलेले सेकंद सिरिंज आणि कागदासाठी. कापताना सगळ्यात जास्त जीवावर आलं ते "कोणताही संसर्ग होत नाही, पुरळ येत नाही" हे वाक्य. तुम्ही विचारलंत, "हे तुम्हाला कसं माहीत?" आम्ही १४ जणींना तीन पाळ्यांसाठी पॅड दिले होते, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्यातल्या ११ जणींनी वापर चालू ठेवला, तिघींनी सोडला. दोघींची सुटी पट्टी चालताना सरकायची. तिसरीला दिवसभर बाहेर राहावं लागतं आणि वापरलेलं पॅड पिशवीत सांभाळून घरी आणणं तिला जमेना. तुम्ही म्हणालात, हेच सांगा, तिघींसकट.

मी घाबरले होते. स्टेजवर आपल्याच तोंडाने आपली उणीव कोण सांगतं? पण परीक्षकांनी पहिला प्रश्न त्या तिघींवरच विचारला, आणि उत्तर आमच्याजवळ होतं. पट्टीच्या दोन्ही टोकांना आता टिचबटणं लावली आहेत. तिसरीची अडचण आमच्या पॅडने सुटत नाही, तिने बाहेर असताना दुसरं काही वापरावं आणि घरी हे, असं आम्ही सरळ सांगितलं. दुसरा प्रश्न अवघड होता. एकदा घेतलेले पॅड दोन-तीन वर्षं चालले, तर ग्राहक परत कशाला येईल? त्यावर आम्ही दोन पॅडांचा छोटा संच दाखवला. आधी दोन वापरून बघा, पटले तर उरलेले सहा घ्या. धंदा त्या दुसऱ्या खरेदीवर उभा आहे, आणि किती जणी ती करतील हे अजून आम्ही मोजलेलं नाही, हेही सांगून टाकलं.

आमच्यातल्या त्या एकट्या मुलाबद्दल तुम्हाला वेगळं सांगायचंय. सरावात तो "त्या दिवसांत" म्हणायचा आणि आवाज खाली यायचा. तुम्ही त्याला ओरडला नाहीत. तराजूवर आकडे वाचायला बसवलंत आणि प्रत्येक आकड्याबरोबर "पाळी", "रक्त", "डाग" हे शब्द लिहायला लावलेत. स्टेजवर त्याने टिपकागद उचलून धरला. मधोमध फक्त फिकट गुलाबी ठिपका होता. तो खणखणीत आवाजात म्हणाला, "एवढंच रक्त वर आलं." सभागृहात मागपर्यंत ऐकू गेलं.

आम्हाला तिसरा क्रमांक मिळाला. पहिल्या आलेल्या टीमकडे चालू विक्री होती, आमच्याकडे १४ जणी होत्या, त्यामुळे निकाल बरोबरच लागला असं आम्हा चौघांनाही वाटतं.

ताई, तुम्ही जेवणाच्या सुट्टीत, लॅब बंद झाल्यावर, स्वतःची कामं बाजूला सारून आम्हाला वेळ दिलात. आमची शिवण उसवलीत, पुन्हा घालून दिलीत, आणि एकदाही आमच्या ऐवजी भाषणातलं एक वाक्य लिहिलं नाहीत. प्रश्न तेवढे विचारलेत. त्या प्रश्नांसाठी आम्ही तुमचे मनापासून आभारी आहोत.

तुमचं स्टॉपवॉच माझ्याकडेच राहिलंय, सोमवारी आणून देते. टिचबटणांचे तीन नवे नमुने सध्या दोरीवर आहेत, काल रात्री नऊला धुतलेत. सकाळी सहाला वजन घेतलं तर दोन मूळ आकड्यावर आले होते, तिसऱ्यात अजून चार ग्रॅम आहेत. बटणाखाली जोर म्हणून दुहेरी पट्टी लावली होती, बहुतेक तिथेच पाणी धरतंय. सोमवारी तेही घेऊन येते, बघाल ना?

तुमची,
आणि आम्हा चौघांतर्फे