अनुदानाची तारीख कळू द्या: बेदाणा शीतगृहाच्या हिशेबाबद्दल बागायत मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय बागायत मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळूर

महोदय, सप्रेम नमस्कार.

अथणी तालुक्यातल्या द्राक्ष बागायतदारांच्या एका सहकारी संस्थेचा मी खजिनदार आहे. बेदाण्यासाठी 1,000 टनांचे शीतगृह बांधावे की नाही, हे आमच्या येत्या सर्वसाधारण सभेत ठरणार आहे. त्यासाठी मी सभासदांपुढे जो हिशेब ठेवला, तोच आपल्यापुढेही ठेवतो आहे, कारण त्यातला एक आकडा आपल्या खात्याच्या हातात आहे. सभासदांनीही हे पत्र वाचायचे आहे म्हणून ते मराठीत लिहिले आहे. कानडी प्रत सोबत जोडली आहे.

शीतगृहाची गरज तालुक्यात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये शेडवरून माल उतरतो आणि त्याच सुमारास ऊन तापू लागते. हिरवा बेदाणा साध्या गोदामात ठेवला तर काही आठवड्यांत तांबूस पडतो आणि रंग गेला की भाव जातो. 4 अंशांच्या आसपास, कोरड्या हवेत तोच माल दिवाळीपर्यंत रंग धरून राहतो. आज आमचे सभासद त्यासाठी तासगाव-सांगलीच्या शीतगृहांत माल पाठवतात. सौदेही तिकडेच होतात.

आता हिशेब. इमारत, पफ पॅनेल, कॉम्प्रेसर, रॅक, जनरेटर आणि ट्रान्सफॉर्मर मिळून खर्च 1 कोटी 50 लाख येतो. जागा संस्थेची आहे. भाडे 15 किलोच्या बॉक्सला महिन्याला 9 रुपये, म्हणजे टनाला 600 रुपये धरले. बरेच जण इथेच 1,000 टन गुणिले 12 महिने करून 72 लाख उत्पन्न मांडतात. ते खरे नाही. माल मार्चमध्ये यायला लागतो, मे-जूनमध्ये शीतगृह भरते, श्रावणापासून विक्रीला बाहेर पडतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत खोल्या जवळजवळ रिकाम्या असतात. महिन्यागणिक शिल्लक टन मांडून बेरीज केली तर 12,000 नव्हे, 6,000 टन-महिने भरतात. म्हणजे वर्षाचे भाडे 36 लाख. त्यातून वीज, पगार, विमा आणि दुरुस्ती मिळून 16 लाख गेले की हातात 20 लाख उरतात. तेही तिसऱ्या वर्षापासून. पहिल्या वर्षी 6 लाख आणि दुसऱ्या वर्षी 13 लाखच धरले आहेत, कारण नव्या शीतगृहावर व्यापाऱ्याचा विश्वास बसायला दोन हंगाम जातात. दहाव्या वर्षी कॉम्प्रेसर आणि पॅनेलच्या मोठ्या दुरुस्तीला 15 लाख लागतील. पंधरा वर्षांनंतर यंत्रांची किंमत शून्य धरली.

नुसती बेरीज केली तर पंधरा वर्षांत 264 लाख येतात आणि 150 लाख जातात. 114 लाखांचा फायदा! आमच्या बैठकीत हाच आकडा सगळ्यांच्या तोंडी होता. पण पंधराव्या वर्षी मिळणारे 20 लाख आणि आज खिशातून जाणारे 20 लाख एकाच रांगेत लिहिता येत नाहीत. संस्थेने हाच पैसा सभासदांना कर्जाऊ दिला, तर खर्च आणि थकबाकी वजा जाता साधारण 10 टक्के सुटतात, असे आमच्या ताळेबंदावरून दिसते. आजचे 100 रुपये वर्षाने 110 होत असतील, तर वर्षाने मिळणाऱ्या 110 रुपयांची आजची किंमत 100 रुपयेच. म्हणून प्रत्येक वर्षाच्या रकमेला 10 टक्क्यांनी वटाव लावायचा. पहिल्या वर्षाची रक्कम एकदा 1.1 ने भागायची, दुसऱ्या वर्षाची दोनदा, तिसऱ्या वर्षाची तीनदा, असे पुढे.

तसे केले की पहिल्या वर्षाचे 6 लाख आज 5.45 लाखांचे ठरतात. तिसऱ्या वर्षाचे 20 लाख 15.03 लाखांवर येतात, दहाव्या वर्षाचे 7.71 लाखांवर आणि पंधराव्या वर्षाचे अवघे 4.79 लाखांवर. दुरुस्तीचे 15 लाखही आजच्या किमतीत 5.78 लाखच होतात. सगळे मिळून पंधरा वर्षांच्या आवकेची आजची किंमत 127.83 लाख भरते. खर्च 150 लाख. म्हणजे अनुदानाशिवाय हे शीतगृह आजच्या पैशात 22.17 लाखांनी तोट्यात आहे.

या हिशेबात कर्जाचे व्याज आणि घसारा कुठे आहे, असे दोन सभासदांनी विचारले. प्रश्न योग्य होता. घसाऱ्यात रोख पैसा बाहेर जात नाही. खर्चाचे 150 लाख सुरुवातीलाच पूर्ण धरले आहेत, ते पुन्हा घसारा म्हणून वजा केले तर एकच खर्च दोनदा पडतो. व्याजाचेही तसेच. पैशाचा मोबदला 10 टक्क्यांच्या वटावात आलाच आहे. भाडे, वीज आणि पगार पंधराही वर्षे आजच्याच भावाने धरले आहेत. महागाई बाजूला ठेवून 10 टक्के लावणे थोडे कडक आहे, हे मान्य. पण ठेवीदारांच्या पैशाचा हिशेब सैल धरण्यापेक्षा कडक धरलेला बरा, असे माझे मत आहे. कृषी पायाभूत सुविधा निधीची 3 टक्के व्याजसवलतही यात जमेला धरलेली नाही. मंजूर झाली तर तिचा हिशेब वेगळा दाखवू.

महोदय, आता आपल्या हातातल्या आकड्याकडे येतो. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात शीतगृहाला कर्जाशी जोडलेले 35 टक्के अनुदान आहे आणि ते मागाहून मिळते. मान्य होणारा खर्च आम्ही 1 कोटी धरला, म्हणजे अनुदान 35 लाख. रक्कम शेतकऱ्याच्या हाती न येता बँकेत जमा होते आणि तेवढ्या कर्जावरचे व्याज तिथून थांबते. त्यामुळे आमच्या दृष्टीने पैसे मिळाल्याची तारीख म्हणजे ते बँकेत पोचल्याची तारीख.

हे 35 लाख पहिल्या वर्षाअखेर आले, तर त्यांची आजची किंमत 31.82 लाख होते. तोटा भरून निघतो आणि शीतगृह 9.65 लाखांनी फायद्यात येते. तिसऱ्या वर्षाअखेर आले, तर किंमत 26.30 लाख आणि फायदा 4.13 लाख. पाचव्या वर्षाअखेर आले, तर किंमत 21.73 लाख राहते आणि शीतगृह 44 हजारांनी तोट्यात जाते. मंजुरीपत्रावरची रक्कम तिन्ही वेळा 35 लाखच आहे. रुपया कमी झालेला नाही, तरी केवळ तारखेमुळे एकच इमारत बांधण्यासारखी ठरते किंवा न बांधण्यासारखी. सभासदांनी मला विचारले की अनुदान नेमके केव्हा धरायचे, आणि त्याचे उत्तर संस्थेत बसून देता येत नाही.

म्हणून माझी विनंती रक्कम वाढवण्याची नाही. मंजुरीपत्रातच लिहावे की, संयुक्त पाहणी झाल्यापासून इतक्या महिन्यांत अनुदान बँकेत जमा होईल. ही मुदत बारा महिन्यांची असली तर आमचा हिशेब उभा राहतो. काही कारणाने मुदत टळली, तर पुढच्या काळाचे व्याज अनुदानात मिळवून द्यावे. वर्षाला 10 टक्के मिळाले तर आमच्या हिशेबात उशिराची झळ बसत नाही. खात्यावर येणारा हा बोजा अनुदान वेळेत दिले तर शून्य आहे.

हे लिहिताना सभासदांनाही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण सगळा भार सरकारवर टाकून हा हिशेब पुरा होत नाही. तारखेपेक्षाही मोठा धोका आपल्याच मालाचा आहे. 6,000 ऐवजी 5,500 टन-महिने भरले, तर वर्षाचे भाडे 3 लाखांनी घटते. तिसऱ्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत त्याची आजची किंमत 17.61 लाख होते. मग अनुदान पहिल्या वर्षी येऊनही शीतगृह 7.96 लाखांनी तोट्यात जाते.

आणि माल लवकर बाहेर पडण्याला कारण आहे. किलोला 150 रुपये भाव धरला तर एका बॉक्समध्ये 2,250 रुपये अडकतात. महिन्याला 1 टक्का व्याज धरले तर ते 22 रुपये 50 पैसे आणि भाडे 9 रुपये, मिळून 31 रुपये 50 पैसे होतात. म्हणजे महिन्याला किलोमागे 2 रुपये 10 पैसे भाव वाढला नाही, तर माल ठेवणारा शेतकरी तोट्यात असतो आणि तो विकतो. त्यात त्याचे चुकत नाही. शिवाय व्यापाऱ्याला सौद्याच्या गावातलाच माल सोयीचा पडतो. नमुना बघायला आणि गाडी भरायला तो अथणीपर्यंत येईल की नाही, हे आज कोणी छातीठोक सांगू शकत नाही. म्हणूनच सभेआधी प्रत्येक सभासदाकडून किती बॉक्स आणि किती महिने ठेवणार, हे लेखी मागितले आहे. अनामत बॉक्समागे एका महिन्याचे भाडे आहे. लेखी नोंद 5,750 टन-महिन्यांच्या खाली राहिली, तर मी ठरावाच्या विरोधात मत देणार आहे. त्या आकड्याला अनुदान पहिल्या वर्षी आले तरी फायदा 84 हजारांपुरताच उरतो आणि विजेच्या बिलातली थोडी वाढही तो खाऊन टाकते.

नोंदणीचे अर्ज संस्थेच्या कचेरीत ठेवले आहेत. आपल्या खात्याकडून मुदतीबद्दलचे लेखी उत्तर सभेआधी आले, तर ते नोटिशीसोबत सभासदांना वाटू. उत्तर आले नाही, तर अनुदान तिसऱ्या वर्षाअखेर धरलेला 4.13 लाखांचा हिशेबच मी सभेपुढे ठेवीन.

आपला नम्र,
खजिनदार,
द्राक्ष बागायतदार सहकारी संस्था,
तालुका अथणी, जिल्हा बेळगाव