कडक सरांच्या निरोपाचं भाषण

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तुमच्या विज्ञानाच्या बाई निवृत्त होतायत, मुलांना त्यांच्यावर गमतीचं भाषण करायचंय आणि मुख्याध्यापकांना धास्ती वाटतेय की बाईंचा पाणउतारा होईल. त्यांची धास्ती खोटी नाही. तरीही भाषण होऊ दे. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आमच्या गणिताच्या सरांना निरोप दिला, तेव्हा नववीच्या मुलांचं भाषण मीच बसवून घेतलं होतं. ते कसं उभं राहिलं ते सविस्तर सांगतो, त्यातलं हवं ते उचल.

सरांची जन्मतारीख १ जून. आपल्या पिढीच्या आधीचे निम्मे लोक १ जूनलाच जन्मले, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. माध्यमिक शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, आणि जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीस. म्हणजे ३१ मे. तेव्हा शाळा बंद असते, म्हणून समारंभ एप्रिलातच उरकला. दहावीची पोरं मार्चातच परीक्षा देऊन मोकळी झालेली, त्यामुळे भाषण नववीकडे आलं. आणि भाषणाचं पहिलं वाक्यही या तारखेतूनच मिळालं: "सर, तुमचा वाढदिवस तुमच्या गुरुजींनी ठरवला आणि आमची झोप तुम्ही ठरवली." सकाळी सातचे जादा तास सगळ्या गावाला माहीत होते, त्यामुळे पहिल्याच वाक्याला मांडव हसला.

पण हे वाक्य शेवटी सुचलं. आधी काय झालं ते ऐक. पोरांनी पहिला मसुदा आणला तो "निरोपाचा क्षण नेहमीच जड असतो" इथून सुरू होत होता आणि पुढे सर शिस्तप्रिय, सर वक्तशीर, सर वरून नारळासारखे कठीण आतून गोड. हे कुठल्याही सरांवर चाललं असतं. मग मी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली आणि "सर कसे आहेत" हा प्रश्नच काढून टाकला. त्याऐवजी लिहायला सांगितलं: सर रोज बोलतात ते एक वाक्य, सरांच्या हातात किंवा खिशात दिसणारी एक वस्तू, आणि एकदा घडलेली एक गोष्ट. नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या उघडल्या आणि भाषण तिथंच पडलेलं होतं.

निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर एकच वाक्य होतं: "बारा काय? बारा म्हशी?" सरांचा एककावर भारी कटाक्ष. क्षेत्रफळ काढून कुणी नुसतं १२ लिहिलं, चौसेमी लिहायचं राहिलं, की सर वही वर धरून हेच विचारायचे आणि अर्धा गुण कापायचे. बरोबर उत्तराला अर्धा गुण गेल्याचं दुःख त्या वर्गातल्या प्रत्येकाला होतं. म्हणून हे वाक्य आम्ही भाषणात पूर्ण बोललोच नाही. भाषण करणारी मुलगी म्हणाली, "सरांनी इथं सेवा केली..." आणि आकडा सांगून थांबली. पुढचं सगळ्या मांडवानं म्हटलं. माजी विद्यार्थी, त्यांचे आईवडील, मागं उभा असलेला शिपाई, सगळ्यांनी. सवयीवर विनोद करताना एवढं एक जपावं: लकब ओळखीची असेल तर ती अर्धीच सांगायची, उरलेली ऐकणाऱ्यांना पुरी करू द्यायची. पोरांना नकला करायचा मोह फार होतो. मी सरांच्या आवाजातलं एकच वाक्य ठेवू दिलं. सगळं भाषण त्यांच्या आवाजात केलं तर हसू सवयीवर राहत नाही, माणसावर जातं.

त्याच चिठ्ठ्यांमधून काही मी बाजूला काढल्या. सरांचा गुडघा दुखतो, ते जिना एकेक पायरी थांबत चढतात. एका पोराला ती चाल हुबेहूब जमत होती. ती काढली. वर्गातलं टोपणनाव काढलं. "आता काकूंची खैर नाही" ही ओळ तीन जणांनी लिहिली होती, तीही काढली, कारण काकू पहिल्या रांगेत बसणार होत्या आणि त्यांनी पोरांचं काही बिघडवलेलं नव्हतं. एका माजी विद्यार्थ्याला छडीचे किस्से सांगायचे होते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलांना मारायला बंदी आहे. मुलांसमोर माराचं कौतुक व्यासपीठावरून व्हावं असं मला वाटत नाही, आणि सरांनाही ते आवडलं नसतं. माझी फूटपट्टी सोपी होती. जे सरांनी स्वतः निवडलंय, रोज हट्टानं करतात, त्यावर हसायचं. जे त्यांच्या वाट्याला आलंय, म्हणजे शरीर, दुखणं, घर, गाव, बोलीतला हेल, त्याला हात लावायचा नाही.

आता सांगाडा. सर भूमितीचे. पक्ष, साध्य, सिद्धता असं मांडायचं आणि प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण द्यायचं, ही त्यांची शिकवण. कारण नसेल तर पायरी धरायचे नाहीत. तेव्हा एका पोरीनंच सुचवलं की भाषणच सिद्धतेसारखं मांडू. मला ते फार आवडलं, कारण त्यातून सरांचं शिकवणं आपोआप दिसत होतं, वेगळी स्तुती करायला नको. फळ्यावर पोरांनी असं लिहिलं:

पक्ष: सर कडक आहेत.
साध्य: सर मायाळू आहेत.

आणि मुलगी म्हणाली, "पक्ष दिलेला असतो, तो सिद्ध करावा लागत नाही." तिथं पुन्हा हशा.

मग पायऱ्या. मी तीनच ठेवायला लावल्या. पहिली सगळ्यात हलकी: सरांच्या शर्टाचा खिसा कायम पांढरा, कारण नखाएवढा झालेला खडूही ते टाकत नाहीत, खिशात ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच तुकड्यानं हातानंच गोल गरगरीत वर्तुळ काढतात. आणि वर म्हणतात, "मी काढलं तसं काढायचं नाही, कंपास घ्या."

दुसरी पी.टी.च्या तासाची. दहावीच्या वर्षी तो तास वेळापत्रकात फक्त छापलेला असतो, हे तुला सांगायला नको. पोरांनी लिहिलं: "सरांनी पी.टी.चा तास घेतला. कारण, बाकोबा कसोटी: एका बाजूला मैदान, दुसऱ्या बाजूला बोर्डाची परीक्षा, आणि मधल्या कोनात सर." बाजू-कोन-बाजू ज्यांनी शाळेत घोकलंय ते सगळे हसले. पण यात पी.टी.चे सरही येतात आणि ते व्यासपीठावर बसणार होते. म्हणून आदल्या दिवशी पोरांना त्यांच्याकडे पाठवून विचारून घेतलं. ते नुसते हो म्हणाले नाहीत, त्या ओळीला उभं राहून त्यांनी हात जोडले. तिसऱ्या माणसाचं नाव विनोदात येणार असेल तर त्याला आधी विचारलेलं बरं.

तिसरी पायरी एका एकट्या चिठ्ठीतून आली. त्यावर लिहिलं होतं: "सरांच्या डब्यात काय असतं ते कुणालाच माहीत नाही." आधी आम्ही ती गंमत म्हणूनच घेतली. मग वर्गात विचारलं, तर खरंच कुणी सरांना मधल्या सुट्टीत जेवताना पाहिलेलं नव्हतं. सर उत्तरपत्रिकेवर चूक कुठल्या पायरीला झाली तिथं लाल खूण करायचे आणि खाली लिहायचे, "मधल्या सुट्टीत भेट." एकेकाला पुन्हा ती पायरी करायला लावायचे. सुट्टी संपायची, डबा तसाच. भाषणात पोरीनं एवढंच म्हटलं: "पायरी तीन. सरांचा डबा मधल्या सुट्टीत कधी उघडला नाही. कारण," आणि थांबून, "आम्ही." मग फळ्याकडे वळून, "म्हणून सर मायाळू आहेत."

इथं कुणी हसलं नाही, आणि ते बरोबरच होतं. हा क्रम मात्र नीट जपावा लागतो. डबा आधी आला असता तर पुढचे विनोद कुणी मोकळेपणानं ऐकले नसते.

सरांनी सत्काराला उत्तर देताना काय म्हटलं ते तुला सांगायलाच हवं. फळ्याकडे बघितलं, खिशातून खडूचा तुकडा काढला आणि म्हणाले, "सिद्धता बरोबर आहे. तिसऱ्या पायरीचं कारण अपुरं आहे, मला भूकही उशिरा लागते. अर्धा गुण कापला." आणि खरोखर फळ्यावर साडेचार लिहिलं. मग मागून एक पोरगा ओरडला, "साडेचार काय?" सर इतके मनापासून हसताना मी आमच्या शाळेत कधी पाहिले नव्हते.

आता तुझ्याकडच्या तयारीच्या दोन गोष्टी. भाषण पाच मिनिटांचं ठेव, म्हणजे लिहून पाचशे शब्दांच्या आसपास. जास्त लिहिलंस तर हशासाठी वेळ उरत नाही आणि पोरं हशावरूनच पुढचं वाक्य दामटतात. सरावात आम्ही वर्गाला मुद्दाम हसायला लावलं आणि बोलणारीला सांगितलं, हसणं निम्मं ओसरलं की पुढचं वाक्य घे. दुसरं, कार्यक्रमपत्रिकेत जागा भांडून घे. शाल, श्रीफळ, मानपत्र, मग संस्थेचे पदाधिकारी, मग प्रमुख पाहुणे, आणि शेवटी पोरं, असं असेल तर तोवर लोक जेवणाकडे बघायला लागतात. आमच्या मुख्याध्यापकांनी मुलांचं भाषण मानपत्राच्या आधी घेतलं. त्याचा फायदा असा की मानपत्रातली भारदस्त विशेषणं नंतर आली, आणि तोवर ती ऐकणाऱ्यांना खरी वाटू लागली होती.

तुमच्या बाईंच्या बाबतीत भूमितीची सिद्धता चालणार नाही. विज्ञानाला प्रयोगवही आहे: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. बाई प्रयोगवहीतली आकृती पेन्सिलनंच हवी म्हणून वह्या परत करतात असं तू मागं लिहिलं होतंस, तिथून सुरुवात करून बघ. पण आधी चिठ्ठ्या घे. सांगाडा आधी ठरवलास तर पोरं त्यात बसेल तेवढंच आठवतील. चिठ्ठ्या आल्या की त्यांची झेरॉक्स मला पाठव, आणि मुख्याध्यापकांना मसुदा दाखवताना बाजूला काढलेल्या चिठ्ठ्याही दाखव. काय वगळलंय ते बघितलं की त्यांची धास्ती जाईल.

वहिनींना नमस्कार, चिमुरडीला आशीर्वाद.

तुझा,
बाकावरचा जोडीदार