एकच न्यायाधीश, तीन नियम

नाशिक,
दि. 9 नोव्हेंबर

प्रिय माधुरी,

सप्रेम नमस्कार.

तुझं पाकीट मिळालं. सरावाचं उत्तर दोनदा वाचलं. कायद्याचा अर्थ लावण्याच्या लिटरल, गोल्डन आणि मिस्चिफ या तिन्ही नियमांच्या व्याख्या तू चोख लिहिल्या आहेस, मिस्चिफ रूल ज्यातून आला त्या हेडनच्या खटल्याचं 1584 हे सालही बरोबर आहे. पण प्रश्नातली हकिकत आली आणि तू एका ओळीत संपवलंस: "येथे मिस्चिफ रूल लावणे न्याय्य ठरेल." का ठरेल, ते कुठेच नाही. आरोपी सुटू नये असं तुला मनातून वाटलं आणि त्याला पकडणारा नियम तू उचललास, असं परीक्षकाला दिसतं. मला ते तसंच दिसलं, म्हणून हे लांबलचक पत्र.

तिन्ही नियमांसाठी वेगवेगळे खटले पाठ करण्याआधी एकाच माणसाचे तीन निकाल शेजारी ठेवून बघ. इंग्लंडचे सरन्यायाधीश लॉर्ड पार्कर. 1960 मध्ये काही महिन्यांच्या अंतराने त्यांच्यासमोर दोन अपिलं आली, दोन्ही 1959 च्या फौजदारी कायद्यांखालची.

पहिलं स्मिथ विरुद्ध ह्यूजेस. रस्त्यात किंवा सार्वजनिक जागी वेश्याव्यवसायासाठी रेंगाळणं किंवा गिऱ्हाइकाला बोलावणं हा गुन्हा होता. आरोपी बायका रस्त्यात उतरल्याच नव्हत्या. घराच्या बाल्कनीतून किंवा खिडकीच्या काचेवर टकटक करून त्या रस्त्यानं जाणाऱ्या पुरुषांचं लक्ष वेधत होत्या. पार्कर म्हणाले, लोकांना त्रासाविना रस्त्यानं चालता यावं म्हणून हा कायदा आला. बोलावणारी कुठे उभी आहे याला महत्त्व नाही, बोलावणं रस्त्यावरच्या माणसापर्यंत पोचतं. गुन्हा कायम. हा मिस्चिफ रूल.

दुसरं फिशर विरुद्ध बेल. ब्रिस्टलच्या एका दुकानदारानं खटक्यानं उघडणारा चाकू किमतीच्या चिठ्ठीसह काचेत मांडला होता. असा चाकू विकणं किंवा विक्रीसाठी 'ऑफर' करणं हा गुन्हा. इथेही मिस्चिफ, म्हणजे कायद्याला जे रोखायचं होतं ते, उघड होतं: असे चाकू रस्त्यावर येऊ नयेत. काचेत मांडलेला चाकू विक्रीसाठी ऑफर केलेला नाही असं म्हणणं सामान्य माणसाला निरर्थक वाटेल, आणि कागद पहिल्यांदा वाचताना मलाही तसंच वाटलं असतं, असं पार्करनी स्वतः निकालात सांगितलं. तरीही दुकानदार सुटला. करार कायद्यात मांडणी म्हणजे ऑफर नव्हे, ते ग्राहकाला ऑफर करण्याचं आमंत्रण असतं. शिवाय इतर कायद्यांत संसदेनं 'विक्रीसाठी मांडणे' असे शब्द मुद्दाम घातले होते, इथे घातले नव्हते. ती फट बुजवणं कोर्टाचं काम नाही. हा लिटरल रूल, शब्दांचा ठरलेला अर्थच धरायचा. संसदेनं 1961 मध्ये दुरुस्ती करून ती बुजवली.

आता सांग, दोन्ही फौजदारी कायदे, दोन्हींचा हेतू स्पष्ट, न्यायाधीश एकच. मग निकाल उलटे का? माझं उत्तर असं आहे, आणि तुझ्या उत्तरपत्रिकेत मला हेच बघायचंय: पहिल्या कायद्यात 'रस्त्यात' हा शब्द नेमका कोणाला लागू, बोलावणारीला की बोलावण्याला, हे शब्दांनी ठरवलेलं नव्हतं. दोन अर्थ त्या वाक्यात मावत होते, म्हणून हेतूला निवड करता आली. दुसऱ्या कायद्यात 'ऑफर' या शब्दाला कायद्यातला ठरलेला अर्थ होता, दुसऱ्या अर्थाला जागाच नव्हती. म्हणून 'फौजदारी कायदा आहे, सबब लिटरल रूल' हे वाक्य पुरेसं नाही. स्मिथचा कायदाही फौजदारीच होता.

गोल्डन रूलसाठी पार्करांचाच 1964 चा ॲडलर विरुद्ध जॉर्ज घे. प्रतिबंधित ठिकाणाच्या 'आसपास' सैनिकाला अडथळा करणं गुन्हा, आणि ॲडलर हवाई तळाच्या आतच होता. आसपास म्हणजे बाहेर, आत नव्हे, असा बचाव. तो मानला तर कुंपणाबाहेर अडवणारा गुन्हेगार आणि आत घुसून अडवणारा निर्दोष! पार्करनी 'आत किंवा आसपास' असं वाचलं. इथे शब्द वाकवला आहे, पण विसंगती टाळण्यापुरताच. गोल्डनची ही मर्यादा लिहायला विसरू नकोस. परिणाम गैरसोयीचा किंवा कठोर आहे एवढ्यानं तो लागत नाही. फिशरमध्येही परिणाम विचित्र होता, तरी तो लागला नाही.

आता आपल्या गोदाघाटावर एक काल्पनिक प्रश्न रचते. समज, कायदा आहे: "कोणीही घाटावर प्लास्टिकच्या द्रोणातील दिवा विकू नये किंवा विक्रीसाठी प्रस्ताव करू नये." उद्देशिकेत लिहिलंय की नदीत प्लास्टिक जाऊ नये म्हणून हा कायदा. 'अ' घाटाला लागून असलेल्या आपल्या घराच्या खिडकीतून घाटावरच्या भाविकांना हाका मारतो आणि हात बाहेर काढून दिवा विकतो. 'ब' घाटावरच्याच टपरीत असे दिवे मांडून बसलाय, पण एकही विकला गेलेला नाही.

'अ'पासून सुरू कर. आधी शब्द: 'घाटावर' हे विकणाऱ्याला लागू की विक्रीला? दोन्ही अर्थ बसतात, हे एका वाक्यात दाखव. हे दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नकोस, तुझं उत्तर घसरलं ते इथेच. मग हेडनचे चार प्रश्न, पण हकिकतीला जोडून: कायद्याआधी स्थिती काय होती, कोणती उणीव होती, उपाय कोणता केला, आणि त्या उपायामागचं खरं कारण काय. उणीव म्हणजे द्रोण नदीत जाणं, आणि खिडकीतून घेतलेला द्रोणही नदीतच जातो. आधाराला स्मिथ, आणि आपल्याकडचा बंगाल इम्युनिटी खटला, 1955. सर्वोच्च न्यायालयानं तिथे हेडनचे हे प्रश्न स्वीकारले आहेत. 'अ' दोषी.

'ब'कडे आलीस की हात आखडता घे. उणीव तीच, तरी 'प्रस्ताव' या शब्दाला भारतीय करार अधिनियम, 1872 मध्ये व्याख्या आहे आणि नुसती मांडणी तिच्यात बसत नाही. फिशर लावून 'ब' निर्दोष असं मी लिहीन. पण विरुद्ध बाजूही परिच्छेदभर दे: हा शब्द इथे करार कायद्यातल्याच अर्थानं आलाय कशावरून, व्यवहारातल्या अर्थानं का नाही? त्याला उत्तर शोधायचं ते कायद्याच्या इतर कलमांत. समज, कलम 7 मध्ये जप्तीसाठी 'विक्रीसाठी मांडलेले' असे शब्द आहेत. मग विधिमंडळाला तो फरक माहीत होता, आणि 'ब'ची बाजू भक्कम होते. तसं काही नसेल, तर निष्कर्ष थोडा सावधपणे मांड.

व्याख्यांना अर्धं पान पुरे. पंधरा गुणांच्या प्रश्नात बाकीची जागा या दोन माणसांना दे. आणि दोघांना एकाच नियमात कोंबू नकोस. एकाच कलमातल्या दोन शब्दांना दोन नियम लागू शकतात, हे फार थोडे विद्यार्थी लिहितात.

'क' मी तुझ्यावर सोडते: तो घाटाच्या पायरीला बांधलेल्या होडीतून दिवे विकतो, आणि गिऱ्हाईकही होडीतच बसलेलं आहे. 'घाटावर' हा शब्द तिथवर ताणता येतो का, ते आधी ठरव आणि मगच नियमाचं नाव घे. लिहून पाठव, मी कोर्टातून आल्यावर रात्री तपासते. काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
सुनंदा