रात्री लिहिलेलं आपल्याच घरात ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या शाहूपुरीतल्या घरात पाणी शिरलं आणि वडिलांच्या डायऱ्या भिजल्या. पानं एकमेकांना चिकटली, शाई पसरली. तेव्हा मी ठरवलं, आता कागदावर लिहायचं नाही.

पुढे सासूबाईंना अर्धांगवायू झाला. सगळे झोपले की मी मोबाईलवर एआयशी लिहीत बसायचे. दिवसभराचं मी लिहायचं, त्यानं एखादा प्रश्न विचारायचा, मग मला आणखी काही आठवायचं. असे आठ महिने गेले. खातं मात्र कॉलेजच्या ईमेलवर उघडलेलं होतं. मी निवृत्त झाले, काही दिवसांनी ईमेल बंद झाला आणि त्याच्यासोबत ते सगळं लिखाणही गेलं. विचारायला गेले तर बंद झालेल्या खात्यातलं काही मिळत नाही एवढंच उत्तर मिळालं.

बहिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या दोनच नोंदी उरल्या. एक एआयनं करून दिलेला सारांश आहे: "आज सासूबाईंच्या प्रकृतीत सुधारणा दिसली. तुम्हाला दिलासा वाटला." दुसरी माझ्या शब्दांतली: "उजव्या हातात चमचा धरला. तीनदा सांडला. चौथ्यांदा तोंडापर्यंत गेला आणि म्हणाल्या, उद्या पांढरा रस्सा कर." पहिली वाचून मला काहीच आठवत नाही. दुसरी वाचली की त्यांचा थरथरणारा अंगठा दिसतो. म्हणून जपायचं ते आपलं लिहिलेलं, सारांश नव्हे. हे साधन आपल्याबद्दल 'लक्षात ठेवतं' म्हणतात तेही मोजके मुद्दे असतात, त्या रात्रीचं लिखाण नव्हे.

आता माझं स्वतःचं खातं आहे. दर रविवारी संध्याकाळी आठवड्यातलं माझं लिखाण मी संगणकावर साध्या `.txt` फाइलमध्ये उतरवते. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. म्हणजे फाइली आपोआप क्रमानं लागतात. एआयचा प्रश्न ठेवते, कारण त्याशिवाय माझं उत्तर कशाबद्दल होतं ते सहा महिन्यांनी कळत नाही. त्याची लांबलचक उत्तरं मात्र सोडून देते. आधी मी पीडीएफ करत होते. दिसायला छान, पण देवनागरीत शब्द शोधला की पुष्कळदा सापडत नाही आणि मजकूर कॉपी केला की जोडाक्षरं नि वेलांट्या विस्कटतात. साध्या फाइलमध्ये 'चमचा' शोधला की चमचाच मिळतो.

महिन्याच्या शेवटी सगळंच उतरवून घेते. चॅटजीपीटीत `Settings` मध्ये `Data controls` आणि तिथे `Export data` आहे. ईमेलनं दुवा येतो, पण तो २४ तासच चालतो. परगावी असताना मागवला आणि परत येईपर्यंत गेला, असं माझं एकदा झालंय. आलेल्या झिप फाइलमधली `chat.html` ब्राउझरमध्ये उघडते. उघडताना मी वायफाय बंद करते. तरीही जुनं वाचता आलं तरच ते खरोखर माझ्याकडे आलं. `Temporary chat` मध्ये लिहिलेलं इतिहासात दिसतच नाही, तेव्हा जपायचं ते तिथे लिहू नये. आणि कधी सगळं अचानक गायब दिसलं तर आधी तपासा, आपण नेहमीच्याच ईमेलनं आत आलोय का. माझ्या शेजारीणबाई फोन नंबरनं शिरल्या होत्या. ते दुसरंच रिकामं खातं होतं.

हे खासगी लिखाण आहे, म्हणून फाइली मी सेव्हन-झिप नावाच्या प्रोग्रॅममध्ये पासवर्ड घालून ठेवते. एक प्रत संगणकावर, एक पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह वरच्या मजल्यावरच्या कपाटात. पूर इथे सगळ्यांनाच माहीत आहे. पासवर्ड विसरला तर फाइल कुणालाच उघडता येत नाही, म्हणून तो कागदावर लिहून बहिणीकडे गडहिंग्लजला दिलाय. सायबर कॅफेत उतरवून घेऊ नये, आणि कुणाला दाखवायचं म्हणून शेअरचा दुवाही करू नये. तो ज्याच्या हाती पडेल त्याला ते वाचता येतं.

माझी आपल्या दैनिकामार्फत इथल्या शाळा-कॉलेजांना आणि कार्यालयांना एक विनंती आहे. निवृत्त होणाऱ्याचं खातं बंद करण्याआधी महिनाभर त्याला लेखी कळवावं, आणि त्यातलं आपलं खासगी लिखाण कसं काढून घ्यायचं तेही त्या पत्रात लिहावं. संस्थेच्या खात्यात उतरवून घेण्याची सोय आपल्या हातात असेलच असं नाही. नसेल तर ते काम कार्यालयानं करून द्यावं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका,
शाहूपुरी, कोल्हापूर