मळा विकलासा

कोल्हापूर,
रविवार रात्र

प्रिय सुन्या,

सहा महिने पत्र नाही, फोन नाही. रागव, पण आधी हे वाच. आज नाटकाचं पहिलं वाचन झालं आणि तू शेजारी हवा होतास असं सारखं वाटत राहिलं. तब्येत ठीक. आईचा गुडघा आहे तसाच.

वाचन आबाच्या माडीवर, मंगळवार पेठेत. संहिता चार दिवस आधी दिली होती. पाठ करू नका, आपण हे कुणाला आणि कशासाठी बोलतोय एवढंच समजून घेऊन या, असं सगळ्यांना सांगितलं. आवाज लावायचा नाही, रडायचं नाही. घरात बोलतो त्या वेगानं वाचायचं आणि समोरच्याचं वाक्य संपलं की लगेच आपलं उचलायचं. पहिल्याच वाचनात नट अभिनय करायला लागले की कच्चं वाक्यही तरून जातं, आणि लिहिणाऱ्याला ते तालमीच्या पंधराव्या दिवशी कळतं. रंगसूचना वाचायला शिल्पा. तिच्या प्रतीतल्या निम्म्या मी आधीच खोडल्या, कारण 'खिन्नपणे', 'जरा थांबून' असलं मध्ये मध्ये आलं की लय मोडते. आबा प्रत्येक प्रवेशाची वेळ लिहीत होता. मी कुठलीच भूमिका वाचली नाही, संहितेतही डोकं घातलं नाही. पेन्सिल घेऊन नुसते चेहरे बघत बसलो.

पहिला अंक असा गेला सांगू, चहा घेऊन आलेला पोरगा ट्रे धरून दारातच उभा राहिला. चहा गार!

मग दुसऱ्या अंकातला चौथा प्रवेश, बाप-लेकाचा. नऊ पानं. आपल्या टाइपात पानाला साधारण मिनिट लागतं, इथं चौदा मिनिटं लागली. पण घड्याळाआधी हातांनीच सांगितलं. ज्यांना त्या प्रवेशात काम नव्हतं ते पुढची पानं चाळायला लागले. शिल्पानं बशीतला खारा दाणा सोलून सोलून खाल्ला. आणि महेश एकाच वाक्याला दोनदा अडखळला: "बाबा, आजोबांनी घेतलेला मळा तुम्ही मला न विचारता विकलात त्याला आता चार वर्षं झाली."

महेश नवा आहे, म्हटलं सवय नसेल. म्हणून तेच पान बंड्याला वाचायला दिलं. एक माणूस अडखळला तर त्याची जीभ, दुसराही तिथंच अडखळला तर वाक्यच वाईट. बंड्या 'विकलात त्याला'वर थांबला, श्वास घेतला, कागद खाली ठेवला आणि बापाकडं बघून म्हणाला, "मळा विकलासा." बस्स. माडीवर सगळे गप्प.

आणि सुन्या, मला खासबागेतली ती संध्याकाळ आठवली. "तुझी पात्रं एकमेकांना बातम्या देतात," असं तू म्हणालास आणि मी भेळ टाकून उठलो. दोन महिने बोललो नाही तुझ्याशी. अरे, मळा बापानंच विकलाय! त्याला ती बातमी लेकानं कशाला सांगायची? ते वाक्य मी प्रेक्षकांसाठी लिहिलं होतं आणि लेकाच्या तोंडी कोंबलं होतं. तुझं बरोबर होतं. लेखी देतोय.

चहानंतर आणखी एक केलं. शेजारची चार माणसं बोलावली, त्यांच्यापुढं तिसरा प्रवेश वाचला आणि चौथा गाळून थेट पाचवा. "कसं वाटलं" विचारलं की लोक "भारी" म्हणतात, म्हणून विचारलं, बाप-लेकात काय झालंय? चौघांनीही नीट सांगितलं. एकच गोष्ट त्यांना कळली नव्हती, मळा घेणारा बापाचा सख्खा भाऊ. ती आठव्या पानावर आहे. म्हणजे नऊ पानांत कामाचं एक वाक्य! शिवाय तिसऱ्या प्रवेशात आई आणि लेक तेवढ्याच पट्टीत भांडतात, त्यामुळं चौथ्यात चढायला जागाच उरत नाही. आता चौथा तीन पानांचा करतोय. भांडण नाही. बाप भावाकडून आलेल्या नोटा मोजतोय आणि लेक जेवायला वाढून घेतोय, एवढंच.

पाचव्यातल्या आईच्या तांदूळ निवडण्याला मात्र हात लावलेला नाही. मंडळी म्हणाली, ते पटकन संपतं. संपणारच, शिल्पानं ती सूचना दहा सेकंदांत वाचली. रंगमंचावर आई तीन मिनिटं सूप घेऊन बसणार आहे. मुकं काम टेबलाशी बसून जोखता येत नाही. उभ्या तालमीत बघू.

नवी नोकरी कशी आहे? चिंगीची दहावी ना यंदा, तिला माझा आशीर्वाद सांग. वहिनींना नमस्कार.

पुढच्या रविवारी दुसरं वाचन आहे, दहा वाजता. शनिवारी रात्रीच ये. बाप तू वाच, आधी प्रत पाठवणार नाही. त्या दिवशीच्या भेळेचे पैसे तूच दिले होतेस, ते द्यायचे राहिलेत.

तुझा,
दिग्या